गेन कमी केला आणि झोके वाढले: फर्नेस लूप लावण्याची एक रात्रपाळी

प्रश्न: आमच्या गॅसवरच्या हार्डनिंग फर्नेसचे तापमान सेटपॉइंटभोवती सतत खाली-वर झुलते. लूप झुलत असेल तर गेन कमी करा असे शिकलो होतो, म्हणून प्रोपोर्शनल बँड वाढवत गेलो, पण झोके आणखी लांब आणि मोठे झाले. असे का होते? रात्रपाळीत एकटा असताना मी कोणत्या क्रमाने काय तपासावे?

उत्तर:

तुमच्यासारखाच अनुभव मला नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आला. तुमचे उत्तर त्या एका रात्रीत जवळजवळ पूर्ण सापडते, म्हणून ती रात्रच सविस्तर सांगतो.

जानेवारी महिना होता, आणि नाशिकची जानेवारीतली रात्र ज्यांनी शेडमध्ये काढली आहे त्यांना फर्नेसशेजारची जागा का हवीहवीशी वाटते हे वेगळे सांगायला नको. फर्नेस गॅसवर चालणारी होती. ईएन-१९ पोलादाच्या शाफ्टचे ट्रे दर ४० मिनिटांनी एक असे आत जात आणि दुसऱ्या टोकाने क्वेंच टाकीत उतरत. सेटपॉइंट ८६० अंश सेल्सिअस होता आणि गुणवत्ता विभागाने १० अंश वर किंवा १० अंश खाली एवढीच मुभा दिली होती. मी अकराला पाळीवर आलो तेव्हा ट्रेंडवर तापमान ८४६ ते ८७४ यांच्या दरम्यान संथपणे झुलत होते आणि कंट्रोलरचे आउटपुट ३३ ते ४७ टक्क्यांच्या दरम्यान फिरत होते. एका पूर्ण झोक्याला सुमारे ४२ मिनिटे लागत होती.

फर्नेसवरचे ऑपरेटर काका माझ्या वडिलांच्या वयाचे होते. ते म्हणाले, “साहेब, दोन महिन्यांत तिघांनी येऊन याचा आकडा बदलला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले आणि मग आधीपेक्षा जास्त झुलायला लागले.” लॉगबुक उघडले तर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. `Pb` म्हणजे प्रोपोर्शनल बँड १७ टक्के असताना झोका सुमारे २२ मिनिटांचा होता, ३० केल्यावर तो ३२ मिनिटांचा झाला आणि ५० केल्यावर ४२ मिनिटांचा. `ti`, म्हणजे इंटिग्रल टाइम, मात्र या सगळ्या काळात १८० सेकंदांवरच होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. `td`, म्हणजे डेरिव्हेटिव्ह टाइम, शून्य होता.

त्या वेळी मला याचा अर्थ कळला नव्हता. मलाही पहिला मोह `Pb` ८० करून पाहण्याचाच झाला होता. तो आवरला, कारण आमच्या जुन्या वरिष्ठांची एक शिस्त अंगात मुरली होती: लूप झुलताना दिसला की आकड्यांना हात लावण्याआधी तो मॅन्युअलवर टाकून पाहायचा.

त्याआधी एक किरकोळ तपासणी केली. कंट्रोल थर्मोकपलशेजारी रेकॉर्डरचे स्वतंत्र थर्मोकपल होते, आणि तेही त्याच लयीत वर-खाली होत होते. म्हणजे झोका खरा होता, सैल टर्मिनलने दाखवलेला नव्हता. मग ट्रेंडच्या मध्यावर, आउटपुट ४० टक्क्यांच्या आसपास असताना लूप मॅन्युअलवर घेतला आणि तसाच सोडला. आउटपुट स्थिर असताना तापमान तरीही त्याच लयीत झुलत राहिले असते, तर कारण लूपच्या बाहेर शोधावे लागले असते. गॅसचा दाब किंवा दुसऱ्या एखाद्या फर्नेसचा ब्लोअर अशा गोष्टींचा संशय घ्यावा लागला असता. तसे झाले नाही. पुढचा ट्रे आत गेला तेव्हा तापमान काही अंश उतरले आणि तिथेच रेंगाळत हळूहळू परत येऊ लागले, पण सेटपॉइंट ओलांडून वर उसळले नाही. झोका लूप स्वतःच तयार करत होता.

आता दोन संशयित उरले: व्हॉल्व्ह आणि ट्युनिंग. आमच्याकडे कंट्रोलर ज्वलनाच्या हवेचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह मोटरच्या अ‍ॅक्च्युएटरने फिरवत असे आणि गॅस रेशो रेग्युलेटरमधून हवेच्या मागोमाग येत असे. अ‍ॅक्च्युएटर आणि व्हॉल्व्ह यांना जोडणाऱ्या लिंकेजमध्ये ढिलाई असली, तर आउटपुट बदलूनही पाते हलत नाही आणि मग कोणतेही ट्युनिंग टिकत नाही. म्हणून मॅन्युअलवर आउटपुट दोन टक्क्यांनी वर, पुन्हा दोन टक्क्यांनी वर, मग दोन टक्क्यांनी खाली आणि पुन्हा दोन टक्क्यांनी खाली असे हलवले. काका व्हॉल्व्हनंतरच्या मॅनोमीटरवर नजर ठेवून उभे होते. यातली महत्त्वाची पायरी तिसरी, दिशा बदलण्याची असते, कारण ढिलाई तिथेच उघडी पडते. अ‍ॅक्च्युएटरचा काटा पाहून समाधान मानू नये. काटा फिरतो आणि पाते जागेवर राहते असे मी नंतर दोनदा पाहिले आहे. त्या रात्री मात्र हवेचा दाब चारही पायऱ्यांना, दिशा बदलतानासुद्धा, लगेच बदलला. व्हॉल्व्ह निर्दोष ठरला.

राहिले ट्युनिंग. इथे मी ट्रेंडकडे परत गेलो आणि जी गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत दिसायला हवी होती ती दिसायला मला रात्रीचा दीड वाजला. तापमान तळाला पोचत होते त्या क्षणी आउटपुट सर्वांत जास्त असायला हवे होते, कारण चूक, म्हणजे सेटपॉइंट आणि तापमान यांतला फरक, तेव्हाच सर्वांत मोठी असते. प्रत्यक्षात आउटपुटचा माथा त्यानंतर सात-आठ मिनिटांनी येत होता. तापमान वर चढू लागलेले असूनही आउटपुट वाढतच होते आणि तापमान सेटपॉइंटवर पोचेपर्यंत जवळजवळ माथ्यावरच राहत होते. काकांनी हे आपल्या भाषेत आधीच सांगितले होते: “टेंपरेचर बरोबर येतं तेव्हा बर्नर सगळ्यात जोरात पेटलेला असतो.” आउटपुटचे असे मागे राहणे ही इंटिग्रलची खूण आहे. प्रोपोर्शनलचा भाग चुकीबरोबर लगेच हलतो, तर इंटिग्रलचा भाग चूक साठवत जातो आणि चूक संपल्यावरच थांबतो. आमच्या लूपमध्ये सूत्रे इंटिग्रलच्या हाती गेली होती, आणि प्रोपोर्शनल एवढा दुबळा झाला होता की तापमान परत येताना लगाम खेचणारे कोणी उरले नव्हते.

हे फर्नेसमध्येच इतके का बोचते, ते समजले पाहिजे. जाड विटांची फर्नेस ही उष्णतेची मोठी टाकी असते. आग थोडी वाढवली की तापमान एका नव्या पातळीवर चटकन जाऊन थांबत नाही. ते ठरावीक गतीने कितीतरी वेळ चढत राहते, जसे नळ थोडा जास्त उघडल्यावर टाकीतील पाणी चढत राहते. म्हणजे फर्नेस स्वतःच साठवण्याचे काम करते, आणि कंट्रोलरमधील इंटिग्रलही तेच काम करते. एकामागे एक असे दोन साठवणारे जोडले की मोकळा झोपाळा तयार होतो. त्याला आवर घालणारी गोष्ट एकच असते, प्रोपोर्शनल. आम्ही दोन महिने `Pb` वाढवून नेमका तोच आवर काढून घेत होतो, आणि `ti` १८० सेकंदांवर ठेवून झोपाळा ढकलणारा हात तसाच शाबूत ठेवत होतो.

शिवाय एक योगायोग झाला होता. `Pb` ५० केल्यावर झोक्याचा काळ ४२ मिनिटांवर आला आणि ट्रे ४० मिनिटांनी येत होते. दार उघडण्याचा आणि थंड माल आत येण्याचा प्रत्येक धक्का झोपाळ्याला जवळजवळ त्याच्याच लयीत बसत होता, म्हणून झोका विझायच्या आत पुन्हा भरत होता. तिघांनी केलेले बदल दोन दिवस बरे का वाटले, याचा मात्र मला आजही पूर्ण उलगडा नाही. बहुधा त्या दिवशी ट्रेची लय वेगळी असावी.

आता अंदाज पुरे झाला होता, मोजायला हवे होते. साठवणाऱ्या फर्नेससाठी दोनच आकडे लागतात: आउटपुट बदलल्यावर तापमानाची चढण्याची गती किती बदलते, आणि तो बदल दिसायला किती वेळ लागतो. तापमान पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबण्याची गरज नसते, आणि रात्रपाळीत हा मोठाच दिलासा आहे. ट्रे जाऊन वीसेक मिनिटे झाल्यावर मॅन्युअलवर तापमान मिनिटाला ०.३ अंशाने उतरत होते. आउटपुट एका झटक्यात ५ टक्क्यांनी वाढवले. सुमारे एक मिनिट काहीच घडले नाही आणि मग तापमान मिनिटाला १.२ अंशाने चढू लागले. उतरण्याची गती ०.३ आणि चढण्याची गती १.२, म्हणजे गतीतील बदल १.५ अंश. पाच-सहा मिनिटे सरळ रेषा दिसताच आउटपुट पूर्ववत केले, म्हणजे माल मर्यादेबाहेर गेला नाही. पुढच्या ट्रेनंतर तीच चाचणी ५ टक्के खाली करून घेतली आणि आकडे जवळजवळ तेच आले. एकाच चाचणीवर विसंबू नये, कारण तेवढ्यात कोणी दार उघडलेले असू शकते.

कंट्रोलरची मोजपट्टी शून्य ते १००० अंशांची होती, म्हणून १.५ अंश म्हणजे मोजपट्टीचे ०.१५ टक्के. पुढचे गणित मी लॉगबुकच्या मागच्या पानावर केले:

```
k  = 0.15 / 5 = 0.03
θ  = 1 min,  λ = 4 min
Kc = 1 / (k × (λ + θ)) = 1 / (0.03 × 5) = 6.7
Pb = 100 / Kc = 15 %
ti = 4 × (λ + θ) = 20 min = 1200 s
```

यातील `k` म्हणजे आउटपुटच्या एका टक्क्यामागे गतीत पडणारा फरक, `Kc` म्हणजे गेन, θ म्हणजे बदल दिसेपर्यंत जाणारा वेळ, ज्याला डेड टाइम म्हणतात, आणि λ म्हणजे लूपने किती सावकाश प्रतिसाद द्यावा हे आपण निवडलेला काळ. तो डेड टाइमच्या तीन-चार पट ठेवला की अ‍ॅक्च्युएटरची धावपळ होत नाही आणि मोजमापात थोडी चूक असली तरी निभावते. हे नियम नॉर्वेतील प्राध्यापक सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे आहेत, आणि संथ लूपसाठी मी आजही तेच वापरतो.

या गणितातून सर्वांत उपयोगी गोष्ट निघते ती अशी की `k`, गेन आणि मिनिटांतील इंटिग्रल टाइम यांचा गुणाकार ४ च्या आसपास असला तर झोका उरत नाही, आणि तो २ असला तर किंचित उसळी दिसते. आमचे जुने आकडे यात घालून पाहा. `Pb` ५० म्हणजे गेन २, इंटिग्रल टाइम ३ मिनिटे, म्हणून गुणाकार ०.०३ × २ × ३, म्हणजे ०.१८. `Pb` १७ होता तेव्हा तो ०.५ च्या थोडा वर होता. दोन्ही वेळा लूप झुलणारच होता, पण गेन कमी करण्याचा प्रत्येक प्रयत्न आम्हाला ४ पासून आणखी दूर नेत होता.

मी आकडे मॅन्युअलवर असतानाच भरले, कारण काही कंट्रोलरमध्ये ऑटोवर `Pb` बदलला की आउटपुट उडी मारते. तापमान सेटपॉइंटच्या दोन अंशांच्या आत आल्यावर ऑटोवर टाकले. `Pb` ५० वरून १५ करताना काका चपापले. “साहेब, आपण तर उलटं करताय.” मी त्यांना सांगितले की तासाभरात बिघडले तर मीच परत मॅन्युअलवर घेईन, आणि खरे सांगायचे तर तो दिलासा मी स्वतःलाही देत होतो. गेन तिपटीहून जास्त वाढवताना हात जड होतो. त्याच वेळी `ti` जवळजवळ सात पट वाढतो आहे, आणि सुरक्षितता त्यातून येते, हे डोक्याला पटले तरी हाताला पटायला वेळ लागतो.

पुढचा ट्रे तीन वाजण्याच्या सुमारास गेला. आउटपुट लगेच तीन-चार टक्क्यांनी वर गेले, तापमान ८५४ पर्यंत उतरले, दहाव्या मिनिटाला वळले आणि संथपणे चढत पुढच्या ट्रेपर्यंत ८५९ वर आले. वरच्या बाजूला ते ८६२ च्या पलीकडे गेले नाही. आउटपुटचा माथा आता तापमानाच्या तळाच्या अगदी जवळ येत होता. सकाळपर्यंत आणखी पाच ट्रे गेले आणि पाचांचाही आलेख एकमेकांवर ठेवता येईल इतका सारखा होता.

मग १८० हा आकडा आला कुठून, हे शोधण्यासाठी सकाळी कमिशनिंगची फाइल काढली. कंट्रोलरने ऑटोट्यूनमध्ये `Pb` ४ आणि `ti` १८० दिले होते. या जोडीचा गुणाकार २ च्या वर जातो, म्हणजे एकत्र वापरली असती तर ती लंगडत का होईना चालली असती. पण गेन २५ असल्याने अ‍ॅक्च्युएटर क्षणाक्षणाला हलत असणार, म्हणून कोणीतरी `Pb` १७ केला आणि `ti` तसाच ठेवला. झिग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमांतही असेच होते: आमच्या फर्नेससाठी ते गेन ३० आणि इंटिग्रल टाइम ३.३ मिनिटे देतात. हे दोन आकडे जोडीनेच अर्थपूर्ण असतात. गेन तीस वरून दोनवर आणणारा माणूस इंटिग्रल टाइमही त्याच प्रमाणात वाढवत नसेल, तर तो लूप सौम्य करत नाही.

तुमच्या फर्नेसवर माझे आकडे टाकू नका. गती आणि डेड टाइम मोजून घ्या, कारण विटांची जाडी, मालाचे वजन आणि थर्मोकपलचे आवरण यांनुसार ते बदलतात. चाचणीची पायरी बर्नरच्या किमान आगीखाली जाणार नाही एवढीच ठेवा. ज्वालेची देखरेख करणारे उपकरण आणि जादा तापमानाला गॅस तोडणारा स्वतंत्र कंट्रोलर यांना चाचणीसाठी बायपास करू नका. आमच्या फर्नेसवर याच लूपचा सेटपॉइंट कधी टेंपरिंगसाठी ५५० अंशांवर जात असे, आणि तिथे तीच ५ टक्क्यांची पायरी वेगळीच गती देत असे, म्हणून दोन्ही तापमानांसाठी आकड्यांचे वेगळे संच ठेवावे लागले.

ही उलटी चाल सगळीकडे लागू पडत नाही. गॅसचा प्रवाह किंवा फर्नेसमधला दाब यांसारखे लूप काही सेकंदांत स्थिर होतात, तिथे साठवण नगण्य असते आणि गेन कमी करणे बहुधा योग्यच ठरते. तापमानाच्या लूपमध्येही आउटपुटचा माथा तापमानाच्या तळाबरोबरच येत असेल आणि झोका डेड टाइमच्या चार-पाच पट एवढाच छोटा असेल, तर गेन खरोखरच जास्त आहे. आणि दोन टक्क्यांच्या पायरीला दिशा बदलताना मॅनोमीटर हलला नाही, तर कंट्रोलर बंद ठेवून पाना घ्या आणि आधी लिंकेज घट्ट करा.